हेडसेट तोच, काम दुसरं

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचा फोन बिलिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टला येतो. ‘ई-इनव्हॉइसचा पर्याय आमच्याकडे दिसत नाही हो.’ फोनवरची मुलगी खातं उघडते. साध्या प्लॅनमध्ये ती सोयच नाही. ती तसं सांगते, वरच्या प्लॅनची लिंक पाठवते, आणखी काही मदत हवी आहे का विचारते आणि तिकीट बंद करते. चार मिनिटांत काम फत्ते. क्वालिटीवाले या कॉलला पूर्ण गुण देतील.

विक्री विभागातल्या माणसाने हाच कॉल ऐकला तर तो कपाळाला हात लावेल. वर्षाची उलाढाल 5 कोटींच्या पुढे गेलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावे बिल करताना ई-इनव्हॉइस काढावंच लागतं. 1 ऑगस्ट 2023पासून ही मर्यादा लागू आहे. म्हणजे फोन करणाऱ्याचा धंदा बहुधा वाढलेला आहे, सीएने त्याला तंबी दिलेली आहे आणि काम त्याला आजच्या आज हवं आहे. गरज आहे, पैसा आहे, घाईही आहे. विचारायचं राहिलं ते एवढंच, की निर्णय घेणारे मालक तुम्हीच का, की मालक वेगळे आहेत?

सपोर्टमध्ये दोन-चार वर्षं काढलेल्या आणि इनसाइड सेल्सकडे वळू पाहणाऱ्या हजारो मुलामुलींचं दुखणं या एका कॉलमध्ये दिसतं. लागणारी माहिती त्यांच्याकडे विक्रेत्यापेक्षा जास्त असते. पण ती विक्रीची माहिती आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे बायोडेटामध्येही ती येत नाही.

इनसाइड सेल्स म्हणजे जागेवर बसून केलेली विक्री. बॅग घेऊन दुकानोदुकानी जायचं नाही. फोन, व्हिडिओ कॉल, मेल, व्हॉट्सअॅप यांवरून ग्राहक गाठायचा, स्क्रीनवर डेमो द्यायचा, कोटेशन पाठवायचं आणि पैसे येईपर्यंत पाठपुरावा करायचा. बऱ्याच कंपन्यांत हे काम दोघांत वाटलेलं असतं. पहिला माणूस फोन करून कोण खरंच घेणारा आहे ते चाळतो आणि डेमोची वेळ ठरवतो, दुसरा डेमो देऊन सौदा पुरा करतो. ही वाटणी गाजवली ती सेल्सफोर्स या अमेरिकी कंपनीत काम केलेल्या आरन रॉस यांनी. त्यावरचं त्यांचं पुस्तक 2011 साली आलं. सपोर्टमधून येणाऱ्याला शिरकाव मिळतो तो बहुतेक वेळा पहिल्या कामात. जाहिरातीत त्याला एसडीआर, बीडीआर किंवा नुसतं इनसाइड सेल्स एक्झिक्युटिव्ह म्हणतात.

या जागेसाठी येणाऱ्या अर्जांत पहिल्या दोन ओळी ठरलेल्या असतात: उत्तम संवादकौशल्य आणि चिकाटी. निवड करणारा मॅनेजर या ओळी वाचतही नाही, कारण त्याच्यासमोरच्या प्रत्येक कागदावर त्या आहेत. त्याखाली रोजचे साठ कॉल, सरासरी सहा मिनिटांचा एएचटी, सीसॅट इतका, क्वालिटी स्कोअर तितका असे आकडे येतात. ते खरे असतात, पण सपोर्टच्या टीएलला सुखावणारे. कॉल लवकर संपवला ही गोष्ट विक्रीत कौतुकाची नाही.

मग काय लिहायचं? माझ्या मते सपोर्टवाल्याचं पहिलं भांडवल म्हणजे विक्री झाल्यानंतर काय बिघडतं याचं ज्ञान. विक्रेत्याला माल कसा दिसतो ते ठाऊक असतं. सपोर्टवाल्याला तो दुकानात गेल्यावर कसा वागतो ते ठाऊक असतं. बिलिंग सॉफ्टवेअरचंच उदाहरण पुढे चालवू. औषधाच्या दुकानदाराला बॅच नंबर आणि एक्स्पायरीची तारीख बिलावर हवी असते आणि ती टाइप करत बसायला त्याला वेळ नसतो. हार्डवेअरवाला माल किलोने घेतो, नगाने विकतो, आणि तिथे साठ्याचा हिशेब चुकतो. थर्मल प्रिंटर कुठल्या विंडोजवर अडतो, जुन्या सॉफ्टवेअरमधून पार्ट्यांची यादी आणताना कुठल्या रकान्यात गोंधळ होतो, हे सपोर्टवाल्याने शेकडो वेळा ऐकलेलं असतं. डेमोच्या वेळी ग्राहकाने विचारायच्या आधीच ही जागा त्याला दाखवली, की ‘हिला आमचा धंदा कळतो’ एवढा विश्वास बसतो. तो ब्रोशर पाठ करून बसत नाही.

यातच वेळापत्रकाचं ज्ञान येतं, आणि त्याची किंमत फार कमी उमेदवारांना कळलेली असते. दर महिन्याला भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1ची मुदत 11 तारखेला संपते, 3बीची 20 तारखेला. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस अकाउंटंट माणूस कुणाचं ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतो. सपोर्टला हे ठाऊक असतं, कारण त्या दिवसांत त्यांची फोनची रांग फुगते. मार्चअखेर-एप्रिलमध्ये नव्या वर्षाची बिलांची मालिका सुरू करताना अडचणी येतात, आणि जुन्या सॉफ्टवेअरला वैतागलेला व्यापारी नवीन घ्यायला तेव्हाच तयार असतो. निव्वळ यादीवरून फोन लावणाऱ्या नवख्या विक्रेत्याला 19 तारखेला चार शिव्या खाल्ल्यावर हे समजतं. ‘अकाउंटंटला मी 12 ते 16च्या दरम्यान फोन करेन, आणि का ते सांगते’ असं मुलाखतीत बोलणाऱ्या मुलीकडे मॅनेजर मान वर करून बघतो.

दुसरं भांडवल म्हणजे प्रश्न विचारून मुळापर्यंत जायची सवय. ‘चालत नाही’ एवढंच सांगणाऱ्या माणसाकडून नेमकं काय, कधीपासून, एकाच कॉम्प्युटरवर की सगळीकडे, हे काढून घेणं सपोर्टचं रोजचं काम आहे. नील रॅकहॅम या ब्रिटिश संशोधकाने आपल्या चमूसह सुमारे 35,000 विक्रीभेटींचा अभ्यास करून 1988 साली पुस्तक लिहिलं. मोठ्या सौद्यांत यशस्वी विक्रेते एका जातीचे प्रश्न अधिक विचारतात, असं त्यात दिसलं: ही अडचण आहे म्हणता, मग तिच्यामुळे पुढे तुमचं काय होतं? उलट सौदा पक्का करून घ्यायच्या चलाख युक्त्या मोठ्या सौद्यात नुकसानच करतात, असंही त्यांना आढळलं. ‘पुढे काय होतं’ हा प्रश्न नेमका विचारायला अडचणीचा पुढचा प्रवास ठाऊक असावा लागतो. तो सपोर्टवाल्याला ठाऊक असतो. फक्त उत्तर मिळाल्यावर लगेच इलाज सांगायची त्याची घाई आड येते.

मुलाखतीत बहुधा खोटा कॉल करायला लावतात. समोरचा मॅनेजर लातूरचा हार्डवेअर दुकानदार होतो आणि म्हणतो, ‘मॅडम, आधी किंमत सांगा.’ सपोर्टमधली मुलगी सांगते, ‘वर्षाला 12,000 रुपये, अधिक 18 टक्के जीएसटी, सर.’ तो म्हणतो, ‘महाग आहे. बघतो आणि कळवतो.’ ती म्हणते, ‘नक्की सर, काही शंका असेल तर कधीही फोन करा. आपला दिवस शुभ असो.’ आवाज गोड, माहिती अचूक, आणि मुलाखत इथेच संपली.

आता तोच कॉल दुसऱ्या पद्धतीने. किंमत लपवायची नाही. व्यापारी माणूस लपवाछपवी ताबडतोब ओळखतो. ‘12,000 आणि वर जीएसटी, सर. पण तुमच्या दुकानाला हाच प्लॅन लागेल की नाही ते मला अजून माहीत नाही. सध्या बिलं कशावर करता?’

‘हातानंच. महिनाअखेरीला पोरगा एक्सेलमध्ये घालतो.’

‘आणि सीएकडे कधी जातात?’

‘आठ-नऊ तारखेला.’

‘त्यात एखादं बिल राहून गेलं तर?’

‘राहिलं की मागच्या महिन्यात. कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला, तुमचं बिल पोर्टलवर दिसत नाही म्हणून.’

‘मग त्यांनी पैसे अडवले?’

‘जीएसटीचे अडवले ना. अजून सुटले नाहीत.’

इथे थोडं थांबू या. विक्रेत्याने आपलं बिल रिटर्नमध्ये दाखवलं नाही, तर खरेदीदाराच्या 2बीमध्ये ते येत नाही आणि त्याला कराची वजावट मिळत नाही. म्हणून तो तेवढी रक्कम रोखून धरतो. सपोर्टमधल्या मुलीने ही रडगाणी किती ऐकली असतील! म्हणूनच ‘पैसे अडवले?’ हा प्रश्न तिला सुचला. तिने सॉफ्टवेअरची एकही सोय अजून सांगितलेली नाही, आणि तरीही 12,000चा आकडा आता अडकलेल्या रकमेशेजारी जाऊन बसला आहे. तो महाग की स्वस्त हे दुकानदार स्वतःच ठरवेल. राहता राहिला कॉलचा शेवट. ‘उद्या दुकानात गर्दी कधी कमी असते?’ ‘तीनला.’ ‘मग तीनला वीस मिनिटं स्क्रीनवर दाखवते. मुलालाही बसवा, एंट्री तोच करतो म्हणालात ना.’

फरक आहे तो या शेवटात. सपोर्टचा कॉल समोरचा समाधानी झाला की संपतो. विक्रीचा कॉल पुढची तारीख आणि वेळ ठरल्यावर संपतो, किंवा स्पष्ट नकारावर. ‘बघतो, कळवतो’ या दोन्हींच्या मधल्या उत्तरावर फोन ठेवणं ही सपोर्टमधून आलेल्या माणसाची सगळ्यात चिवट खोड. पहिल्या महिन्यात आपल्या सीआरएममध्ये डोकवावं: ज्या नोंदीपुढे पुढच्या कृतीची तारीख नाही, अशा नोंदी निम्म्याहून जास्त असतील तर आपण अजून सपोर्टच करत आहोत असं समजावं.

तिसरी गोष्ट बायोडेटामध्ये सगळ्यात वर यायला हवी आणि ती बहुतेकांकडे असतेच: बंद करायला आलेला ग्राहक थांबवणं. कॅन्सलेशनचे कॉल, रिफंडचे कॉल, मोबाइल कंपनीत काम केलं असेल तर पोर्ट करायला निघालेल्यांचे कॉल. यातला थांबलेला प्रत्येक ग्राहक म्हणजे पैशात मोजता येणारी विक्री आहे. ‘ग्राहकांच्या तक्रारी संवेदनशीलतेने हाताळल्या’ या ओळीऐवजी असं लिहावं: ‘सहा महिन्यांत नूतनीकरण नको म्हणणारे 40 ग्राहक माझ्याकडे आले, त्यातले 14 राहिले, साधारण 9,000 रुपये वार्षिक दराने सव्वा लाखाचं उत्पन्न टिकलं.’ हे आकडे नमुन्याचे आहेत. आपले आपण काढायचे. चौदाच का, सव्वीस का गेले, असं मुलाखतीत विचारतीलच. त्याचं सरळ उत्तर देता आलं पाहिजे: इतके जण धंदाच बंद केल्यामुळे गेले, इतके स्वस्त पर्यायाकडे गेले, आणि इतक्यांना आमच्याकडे नसलेली सोय हवी होती. गेलेल्यांचं कारण सांगणारा माणूस राहिलेल्यांच्या आकड्यातही खरा वाटतो.

आकडे आजपासूनच जमवायला घ्यावेत, कारण राजीनामा दिल्यावर सिस्टीम बंद होते. रोजच्या शिफ्टनंतर वहीत दोन रकाने पुरेत: आज कोणी जास्तीची सोय मागितली आणि मी ती विक्रीकडे कळवली का, आज कोण सोडून जाणार होता आणि काय झालं. मात्र वहीत फक्त संख्या आणि प्रकार लिहायचा. ग्राहकांची नावं, नंबर, स्क्रीनशॉट बाहेर नेणं हा कंपनीशी केलेल्या कराराचा भंग असतो, आणि ‘माझ्याकडे जुन्या कंपनीची यादी आहे’ अशी लालूच दाखवणाऱ्याला शहाणा मॅनेजर घेत नाही. आज तिकडची आणली, उद्या इकडची नेईल.

तुमच्याच कंपनीत विक्री विभाग असेल तर आधी तिथेच प्रयत्न करावा. आतल्या बदलीची जागा निघते, तिला आयजेपी म्हणतात, आणि तिच्यासाठी अमुक महिने त्याच कामावर असण्याची, कामगिरीत वरच्या गटात असण्याची अट बहुधा असते. जागा निघायची वाट बघत बसू नये. वर सांगितलेल्या हळदवाल्यासारखे कॉल ओळखून टीएलच्या संमतीने विक्री विभागाकडे पाठवायला लागावं, आणि त्यातले किती पुढे ग्राहक झाले याचा पाठपुरावा करावा. तीन महिन्यांत विक्रीचा मॅनेजर तुम्हाला नावाने ओळखू लागतो. अडचण एकच, चांगला एजंट सोडायला सपोर्टचा टीएल राजी नसतो. त्याला अंधारात ठेवून अर्ज टाकला की प्रकरण चिघळतं. आधी सांगून, आपल्या जागी दुसरा तयार करायला वेळ देऊन टाकला की सहसा मार्ग निघतो.

आता पैशांचं. सपोर्टचा पगार ठरलेला असतो. विक्रीत तो दोन भागांत येतो. समजा, 5 लाख 40 हजारांचं सीटीसी देऊ केलं आणि त्यातलं 30 टक्के व्हेरिएबल आहे. म्हणजे ठरलेला भाग 3 लाख 78 हजार, महिन्याला 31,500, आणि त्यातूनही पीएफ वगैरे कापून हातात येणार. उरलेले 1 लाख 62 हजार टार्गेट पुरं केलं तरच. अनेक ठिकाणी टार्गेटच्या ठरावीक टक्क्यांखाली काम झालं तर इन्सेंटिव्ह शून्य असतो. घराचा हप्ता 31,500वर बसवावा, 45,000वर नव्हे.

टार्गेट झेपण्यासारखं आहे का, ते कागदावर उलटं मोजून पाहता येतं. महिन्याचं टार्गेट 3 लाख, एका विक्रीचे 12,000, म्हणजे 25 विक्री. चार डेमोंमागे एक विक्री होत असेल तर 100 डेमो लागतील. ठरवलेल्यांपैकी तिसरा हिस्सा ऐनवेळी फोन उचलत नाही असं धरलं, तर 150 ठरवावे लागतील. 25 दिवसांत रोज सहा. आता प्रश्न असा की ज्यांना फोन करायचे ती माणसं कोण आहेत? वेबसाइटवर स्वतःहून नंबर देऊन गेलेल्यांपैकी पाचातला एक डेमोला हो म्हणत असेल, तर रोज तीस जणांशी बोलणं पुरतं. दमवणारं आहे, पण होणारं आहे. विकत आणलेल्या कोरड्या यादीतून पंधरातला एक हो म्हणत असेल, तर रोज नव्वद जणांशी बोलावं लागेल, आणि ते एका माणसाला आठ तासांत अशक्य आहे. म्हणून मुलाखतीत उमेदवाराने विचारायचा पहिला प्रश्न पगाराचा नाही. लीड कंपनी देते की मी शोधायच्या? दुसरा: मागच्या तिमाहीत टीमपैकी किती जणांनी टार्गेट पुरं केलं? याचं उत्तर गोलमोल आलं तर समजून जावं. आणखी एक विचारावा: ग्राहकाने महिन्याभरात पैसे परत घेतले, तर माझा इन्सेंटिव्ह कापला जातो का?

कॉल कुठल्या नंबरवरून करायचे हेही विचारावं, कारण त्यात कायदा येतो. ट्रायच्या 2018च्या नियमांनुसार जाहिरातीचे व्यापारी कॉल नोंदणी करून, त्यासाठीच्या क्रमांकांवरून करायचे असतात. 140ने सुरू होणारे नंबर त्यातलेच. ज्यांनी 1909वर नोंदवून असे कॉल नकोत म्हटलं आहे त्यांना वगळायचं असतं. ‘तुमचं स्वतःचं सिम वापरा’ असं कंपनी सांगत असेल, तर तक्रारी झाल्यावर बंद पडेल तो तुमचा नंबर, कंपनीचा नव्हे.

आणि नकाराचं काय? सपोर्टमध्येही शिव्या बसतात, त्यामुळे कातडी जाड झालेली असते, असं पुष्कळ जण मुलाखतीत सांगतात. ते अर्धंच खरं आहे. सपोर्टवर चिडलेल्या माणसाला तुमची गरज असते. तो चिडला तरी फोन ठेवत नाही. विक्रीत समोरच्याला तुमची काहीच गरज नसते आणि तो थंडपणे, अगदी सभ्यपणेही, फोन कापतो. हा अलिप्तपणा चिडण्यापेक्षा जास्त लागतो, विशेषतः ज्यांना ‘थँक यू मॅडम, बरं झालं तुम्ही भेटलात’ ऐकायची सवय आहे त्यांना. तो सोसणार नसेल तर दुसरी वाट आहे: असलेल्या ग्राहकांची नूतनीकरणं आणि वरचे प्लॅन विकणाऱ्या टीममध्ये जायचं. तिथे व्हेरिएबल सहसा कमी, पण समोरचा माणूस ओळखीचा असतो आणि सपोर्टमधली कमाई तिथे जशीच्या तशी चालते. काहींनी तिथेच राहावं असं मला वाटतं.

बदली आतल्या आत झाली असेल तर पहिल्या महिन्यांत एक भलतीच अडचण येते. जुन्या ग्राहकांकडे तुमचा नंबर असतो, नवीन ग्राहकालाही कळतं की हिला सगळं येतं. मग प्रिंटर अडला की फोन तुम्हालाच. सोडवून दिलं की छान वाटतं, कारण ते आपलं हातखंडा काम असतं. पण अशा तीन फोनांत सकाळ जाते आणि ठरवायचे सहा डेमो दोनवर येतात. फोन उचलावा, काय झालं ते दोन वाक्यांत ऐकावं, त्यांच्यासमोरच सपोर्टला तिकीट टाकून नंबर सांगावा, आणि संध्याकाळी सुटलं का ते एका मेसेजने विचारावं. एक अपवाद: तक्रार डेमो झालेल्या पण पैसे न भरलेल्या ग्राहकाची असेल, तर ती स्वतः सोडवावी. त्या वेळी तो सपोर्टचा कॉल नसतो.